ओंकार पोवार नक्की किती?

कोल्हापुरात फुटबॉलचा हिशेब लोकांच्या तोंडात असतो. शिवाजी पेठेत नाहीतर मंगळवार पेठेत कुठल्याही कट्ट्यावर बसा, अमक्या फायनलला कुणी कुणाला कट मारून गोल टाकला हे सांगणारे चार जण भेटतील, आणि ते खोटं आहे असं सांगणारे आणखी चार. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. इथले संघ पेठांचे आणि तालमींचे आहेत, त्यामुळे खेळाडू कुणाचा कोण हे विचारावं लागत नाही. केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, १९४० पासूनची. शाहू स्टेडियमवर सामना असला की प्रेक्षागृहात जे बोललं जातं त्यात आकडे कमी नसतात.

पण तोंडातला हिशेब कागदावर आणायला गेलं, की गंमत सुरू होते. कट्ट्यावर ‘ओंकार’ म्हटलं की कुठला ते सगळ्यांना कळतं. कागदावरच्या ओंकारला चेहरा नसतो.

मी पोट भरण्यासाठी डेटाचं काम करतो. फुटबॉलशी त्या कामाचा काही संबंध नाही. पण पेठेत ही गोष्ट लपत नाही, आणि हंगाम संपल्यावर एका संघाचे प्रशिक्षक घरी आले. सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही. एका निवड चाचणीसाठी त्यांना आपल्या संघातल्या दोन स्ट्रायकरांची नावं पाठवायची होती, आणि यंदा नावासोबत आकडेही मागितले होते : सामने, गोल, खेळलेली मिनिटं, आणि दर ९० मिनिटांमागे गोल.

“तू कंप्युटरवाला हाईस. अर्ध्या तासाचं काम हाय,” मामा म्हणाले.

अर्ध्या तासाचं होतं खरं, पण शेवटचं अर्ध्या तासाचं. त्याच्या आधी दोन आठवडे गेले. हा लेख त्या दोन आठवड्यांबद्दल आहे, कारण कुठला पोरगा चाचणीला जाणार हे त्या दोन आठवड्यांत ठरलं. (खेळाडूंची नावं इथे बदलली आहेत. घोळ मात्र तसेच ठेवले आहेत.)

*

माहिती तीन ठिकाणांहून आली. पहिली, सामन्याआधी हाताने लिहिलेल्या संघाच्या याद्या. त्यांचे मोबाइलवर काढलेले फोटो व्हॉट्सअॅपवर होते, काही तिरके, काहींवर चहाचा डाग. दुसरी, वर्तमानपत्रांतली कात्रणं. तिसरी, एका हौशी पोराने हंगामभर भरलेली एक्सेल फाइल. ती त्याने इंग्रजीत भरली होती आणि मधले तीन-चार सामने त्याच्या परीक्षेत गेले होते.

हे सगळं एका तक्त्यात उतरवलं. एका खेळाडूचा एका सामन्यातला सहभाग म्हणजे एक ओळ. एकूण १४ सामने. आणि त्या तक्त्यात आमच्या संघाच्या खेळाडूंची ५८ वेगवेगळी नावं निघाली. मामांनी अख्ख्या हंगामात तीसच्या आतच पोरं खेळवली होती.

आता समजा मी अर्ध्या तासाचंच काम केलं असतं. त्याच तक्त्यावर गोलांची यादी काढली असती. ती अशी दिसली असती : पहिला अजय माने, ६ गोल. दुसरा ओंकार पोवार, ४ गोल. पण अजय माने पहिला आहे याचं एक कारण असं, की ‘अजय माने’ हे नाव चुकवायला जागाच नाही. सावकाश लिहा, घाईत लिहा, ते एकाच तऱ्हेने लिहिलं जातं. त्याचे सगळे गोल एकाच खात्यात जमा होत होते. ओंकारचे गोल मात्र तक्त्यात पाच ठिकाणी विखुरले होते.

आपल्याकडे अशी नावं कमी नाहीत. ओंकार, ओमकार, ॐकार. ऋषिकेश, ऋषीकेश, रुषिकेश, हृषीकेश. सिद्धेश, आणि घाईत टाइप केलेला सिध्देश. साफसफाई न करता यादी काढली की सोप्या नावाचे खेळाडू आपोआप वर सरकतात. खेळाशी त्याचा संबंध नसतो.

*

पहिला नियम मी स्वतःला घालून घेतला : मूळ नावाच्या रकान्याला हात लावायचा नाही. वहीत जे लिहिलंय, जसं लिहिलंय, तसंच राहील. त्याच्या शेजारी एक नवा रकाना करायचा, तुलनेपुरत्या साफ नावाचा. आणखी एक रकाना, ही ओळ कुठून आली याचा : यादीचा फोटो, कात्रण, की एक्सेल. आणि शेवटी एक, खेळाडूच्या क्रमांकाचा. हा जर्सीवरचा क्रमांक नव्हे. एका माणसाला एक, कायमचा, आपण दिलेला क्रमांक.

हे शेवटचं महत्त्वाचं आहे, कारण जगात जिथे जिथे सामन्यांची माहिती नीट ठेवली जाते तिथे माणूस नावाने ओळखलाच जात नाही. स्टॅट्सबॉम्ब या कंपनीने फुकट उपलब्ध केलेल्या फुटबॉलच्या माहितीत मेस्सी शोधायला गेलात, तर नावाच्या रकान्यात Lionel Andrés Messi Cuccittini असं सापडतं. ‘लिओनेल मेस्सी’ हे तिथे टोपणनाव आहे. दोन्ही एकाच माणसाची हे एका क्रमांकामुळे कळतं. क्रिकेटचे सामने चेंडूगणिक जपून ठेवणाऱ्या क्रिकशीट या संकेतस्थळाने तर खेळाडूंची स्वतंत्र नोंदवहीच केली आहे. एका फाइलमध्ये माणसं, दुसरीत त्या माणसांची निरनिराळी नावं. मेस्सीला जे लागतं ते आमच्या पेठेतल्या पोरालाही लागणारच.

मग अक्षरांची साफसफाई. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण मराठीत त्यात एक खास चकवा आहे. आमच्या तक्त्यात ‘कुऱ्हाडे’ आडनावाचा एक बचावपटू होता. स्क्रीनवर त्याचं नाव सगळीकडे एकसारखं दिसत होतं. काना-मात्रेचाही फरक नव्हता. तरी कंप्युटर म्हणत होता की हे दोघे आहेत.

कारण ऱ्ह मधला तो आडव्या मिशीसारखा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड त्यासाठी ‘ऱ’ हे वेगळं अक्षर आणि हलन्त वापरतात. काही साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. कंप्युटर आकार बघत नाही, आतले संकेत बघतो, आणि ते वेगळे असतात. युनिकोडचं जे नेहमीचं प्रमाणीकरण आहे, एनएफसी नावाचं, ते ‘र’ आणि खालचा नुक्ता यांची जोडी ‘ऱ’मध्ये बदलून देतं, पण या अदृश्य जोडचिन्हाच्या तऱ्हेला हात लावत नाही. ते आपल्यालाच सांगावं लागतं :

```python
import unicodedata

def saaf(nav):
    nav = unicodedata.normalize("NFC", nav)
    nav = nav.replace("र्\u200d", "ऱ्")
    nav = nav.replace("\u200d", "").replace("\u200c", "")
    return " ".join(nav.split())
```

शेवटची ओळ नावाच्या मागेपुढे आणि मधे पडलेल्या जादा मोकळ्या जागा काढते. इतकंच. एवढ्या चार ओळींनी ५८ नावांची ४९ झाली. कुऱ्हाडे एक झाला. नावामागे एक जागा सुटल्यामुळे दोन झालेले काही जण परत एक झाले. इथवर कुठलाही निर्णय घ्यावा लागला नव्हता, कारण मी एकत्र केलेली नावं वाचणाऱ्याच्या दृष्टीने एकच होती.

पुढच्या टप्प्यावर मात्र निर्णय घ्यावे लागतात.

*

वेगळी दिसणारी पण कदाचित एकाच माणसाची असलेली नावं शोधायला एक ठरलेली युक्ती आहे. एका नावाचं दुसरं नाव करायला किती अक्षरचिन्हं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात ते मोजायचं. याला संपादन-अंतर म्हणू. ‘ओंकार’चं ‘ओमकार’ करायला फक्त अनुस्वाराच्या जागी म घालायचा, म्हणजे अंतर १. अंतर कमी असेल तर नावं एकाच माणसाची असावीत, असा अंदाज.

अंदाज म्हणून ठीक आहे. पण आपल्या आडनावांवर ही युक्ती डोळे मिटून चालवली तर काय होतं बघा. ‘संकपाळ’ आणि ‘सपकाळ’ ही दोन स्वतंत्र आडनावं आहेत, आणि त्यांच्यातलं अंतर आहे २. ‘ऋषिकेश’ आणि ‘हृषीकेश’ हे एकाच नावाचे दोन अवतार आहेत, आणि त्यांच्यातलं अंतर आहे ३. म्हणजे दोनच्या आतलं सगळं एक करा असं सांगितलं, तर दोन निराळ्या घराण्यांतली माणसं एक होतील आणि एकच ऋषिकेश दोन राहील. कुठलाही आकडा निवडला तरी एका बाजूला चूक होणारच. म्हणून या युक्तीचा उपयोग एवढाच : कुठल्या जोड्या माणसाने डोळ्यांखालून घालायच्या, त्यांची यादी तिने द्यावी. निकाल देऊ नये.

कोल्हापुरात हा प्रश्न पोवारांपाशी येऊन टोकदार होतो. बाहेर जिथे ‘पवार’ लिहितात तिथे आपल्याकडे ‘पोवार’ लिहिणारी घरं पुष्कळ. पण म्हणून कोल्हापुरात पवार नाहीत असं नाही. तेही आहेत, आणि एकाच संघात दोन्ही असू शकतात. त्यात बाहेरून आलेला लिहिणारा पोवारला चूक समजून पवार करतो, आणि पेठेतला लिहिणारा पवारला सवयीने पोवार करतो. दोन्ही बाजूंनी दुरुस्ती चालू असते.

आमच्या तक्त्यात साफसफाईनंतर अशी पाच नावं उरली :

‘ओंकार पोवार’, ५ सामने, ४ गोल.
‘ओमकार पोवार’, २ सामने, १ गोल.
‘Omkar Powar’, ३ सामने, २ गोल.
‘ओंकार पवार’, ४ सामने, २ गोल.
‘O. Pawar’, २ सामने, १ गोल.

सगळे मिळून एकच, असं मानलं तर १० गोल होतात आणि मामांचा प्रश्न संपतो. पण सामन्यांची बेरीज करा. ५, २, ३, ४ आणि २ म्हणजे १६. संघ खेळला १४ सामने. १४ सामन्यांत १६ वेळा मैदानात उतरणारा एकच माणूस असू शकत नाही.

इथे एक शंका काढायलाच हवी. एखाद्या सामन्यात त्याच माणसाची ओळ चुकून दोनदा आली असेल तर? म्हणजे यादीतून ‘ओंकार पोवार’ आणि एक्सेलमधून ‘O. Pawar’, दोन्ही एकाच सामन्याचे, एकाच माणसाचे. हे तपासायला सोपा मार्ग आहे. सुरुवातीला मैदानात ११ जण असतात. ज्या सामन्यात एखादी ओळ दोनदा आली आहे, तिथे सुरुवातीचे खेळाडू मोजले की १२ निघतात. बदली खेळाडूची ओळ दोनदा आली असेल, तर आत आलेले आणि बाहेर गेलेले यांचे आकडे जुळत नाहीत.

ज्या दोन सामन्यांत दोन-दोन ओंकार होते ते काढून बघितले. दोन्हीकडे सुरुवातीचे बरोबर ११. दोन्हीकडे ‘ओंकार पोवार’ सुरुवातीपासून, जर्सी ९. दोन्हीकडे ‘ओंकार पवार’ बदली म्हणून, जर्सी १७. एक आत आला, एक बाहेर गेला, हिशेब चोख. तेव्हा माणसं दोन, हे पक्कं झालं.

या पुराव्यात नावाचं स्पेलिंग कुठेच नाही हे लक्षात घ्या. दोन नावं एकाच सामन्यात एकाच वेळी सापडली तर ती माणसं निराळी, याइतका भक्कम पुरावा या कामात दुसरा नाही. नावं कितीही सारखी असोत. उलट दिशेने मात्र तेवढं भक्कम काही मिळत नाही. दोन नावं एकाही सामन्यात एकत्र आली नाहीत म्हणजे माणूस एकच, असं होत नाही. कदाचित मामा दोघांना एकत्र उतरवत नसतील. तिथे जर्सी, खेळायची जागा, जन्मतारीख, वडिलांचं नाव अशी दुसरी खूण लागते.

वडिलांचं नाव ही आपल्या पद्धतीची मोठी सोय आहे. २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव घ्या. महाराष्ट्रात अनिकेत जाधव किती असतील ते मोजायला जाऊ नका. अनिकेत अनिल जाधव म्हटलं की गर्दी एकदम कमी होते. फक्त एक सांभाळायचं. काही याद्यांत आडनाव आधी येतं, ‘जाधव अनिकेत अनिल’ असं. कंप्युटरला क्रम सांगितला नाही तर तो अनिललाच आडनाव समजतो.

आमच्या पोवारच्या तिन्ही स्पेलिंगांत जिथे जर्सी लिहिली होती तिथे ती ९ होती, तो कायम सुरुवातीपासून खेळलेला होता, आणि तिन्ही नावं कुठल्याही सामन्यात एकमेकांसमोर आली नव्हती. मामांना याद्यांचे फोटो दाखवले. “ह्यो नऊ नंबर म्हंजे आमचा मोठा ओंक्या. आन् सतरा नंबरचा बारका. तो लक्ष्मीपुरीतनं येतो,” ते म्हणाले. मी ‘मामांनी ओळखलं’ असं तारखेसकट टिपणाच्या रकान्यात लिहून ठेवलं. उद्या कुणी विचारलं की हे तिघं एक का केले, तर उत्तर तिथे पाहिजे.

राहिला ‘O. Pawar’, दोन ओळी. दोन्ही एक्सेलमधल्या, जर्सीचा रकाना रिकामा. पहिल्या सामन्याच्या यादीचा फोटो व्हॉट्सअॅपच्या ढिगाऱ्यात सापडला. त्यात स्वच्छ अक्षरात १७, ओंकार पवार. गोल त्याच सामन्यातला. दुसऱ्या सामन्याचा फोटो कुणाकडेच नव्हता. कात्रणात त्या सामन्यातल्या फक्त गोल करणाऱ्यांची नावं होती, आणि यात कुठला ओंकार नव्हता. मामांना आठवेना. त्या सामन्यात दुसरा कुठला ओंकार नोंदवलेला नव्हता, त्यामुळे तो दोघांपैकी कुणीही असू शकत होता.

ती ओळ मी कुणालाच दिली नाही. क्रमांकाच्या रकान्यात ‘अनिश्चित’ लिहिलं. मोठा ओंकार : १० सामने, ७ गोल. बारका ओंकार : ५ सामने, ३ गोल. अनिश्चित : १ सामना, ० गोल. बेरीज तीच, १६ आणि १०. साफसफाईनंतर बेरीज मूळ तक्त्याएवढीच राहिली पाहिजे. कमी-जास्त झाली तर वाटेत कुणीतरी सांडलं किंवा कुणीतरी वाढलं.

गोलांच्या यादीत आता पहिला मोठा ओंकार होता, अजय माने दुसरा. आणि तिसरा जो ओंकार आधी अर्धवट दिसत होता, तोही आता आपल्या नावाने उभा होता.

*

पण मामांना ‘दर ९० मिनिटांमागे गोल’ हवे होते, आणि मिनिटांचा रकाना चाळणीसारखा होता.

ते साहजिक आहे. स्थानिक सामन्याचं वृत्त लिहिणारा गोलाचं मिनिट टिपतो. बदली खेळाडूचं मिनिट तो कशाला टिपेल? ‘उत्तरार्धात अमुकला उतरवण्यात आलं’ एवढं आलं तरी नशीब. हौशी पोराने आपल्या फाइलमध्ये काही ठिकाणी मिनिटं लिहिली होती, काही ठिकाणी रिकामं ठेवलं होतं, आणि काही ठिकाणी ०. हे ० म्हणजे बाकावरच बसला, की किती खेळला ते माहीत नाही? त्याला विचारलं. दोन्ही, म्हणाला. तेव्हा प्रत्येक शून्य उघडून बघावं लागलं. खेळाडू आत आल्याची दुसरीकडे कुठे नोंद असेल, त्याच्या नावावर गोल किंवा कार्ड असेल, तर ते शून्य खोटं.

त्याआधी आणखी एक प्रश्न. सामना किती मिनिटांचा? फुटबॉलच्या नियमात ४५ मिनिटांचे दोन अर्ध, पण स्पर्धा आणि वयोगट यांप्रमाणे ते कमी ठेवता येतात. आमचे १४ही सामने ९० मिनिटांचेच होते. भरपाईच्या वेळेसाठी मी एकच नियम धरला : ती मोजायची नाही. ९०+३ मध्ये बाहेर गेलेला ९०च खेळला. नियम कुठलाही धरा, पण सगळ्यांना एकच धरा.

आता मिनिटांची तपासणी कशी करायची? ती एका बेरजेवर चालते. सामन्यात कुठल्याही क्षणी संघाचे ११ जण मैदानात असतात. ९० मिनिटं गुणिले ११, म्हणजे ९९०. बदल कितीही झाले तरी संघाच्या मिनिटांची बेरीज ९९०च यायला हवी, कारण एक जण जितकं कमी खेळला तितकं दुसरा खेळला. ६०व्या मिनिटाला कुणाला लाल कार्ड मिळालं, तर उरलेली ३० मिनिटं संघ दहा जणांत खेळला, म्हणून ९६०. बेरीज ९९०पेक्षा जास्त आली तर कुणीतरी दोनदा मोजलं गेलंय. कमी आली आणि लाल कार्ड नाही, तर कुणाचा तरी रकाना रिकामा आहे.

याच बेरजेतून रिकामी जागा भरताही येते. बारक्या ओंकारचे पाच सामने सगळे बदली म्हणून. तीन सामन्यांत मिनिटं लिहिलेली होती : २५, २० आणि ३०, एकूण ७५. दोन रिकामे. त्यातल्या एका सामन्यात त्याच्या जागी बाहेर गेलेल्याचं मिनिट नोंदलेलं होतं, ६२वं. म्हणजे आपला पोरगा २८ मिनिटं खेळला. हा अंदाज नाही, वजाबाकी आहे. एकूण १०३.

राहिलेल्या सामन्यात आत कधी आला, बाहेर कोण गेला, काहीच लिहिलेलं नव्हतं. पण कात्रणात दोन गोष्टी होत्या : तो उत्तरार्धात आला, आणि ७०व्या मिनिटाला त्याने गोल केला. उत्तरार्धात आला म्हणजे जास्तीत जास्त ४५ मिनिटं. ७०व्या मिनिटाला गोल केला म्हणजे तेव्हा तो मैदानात होताच, आणि तो परत बाहेर गेल्याची नोंद नव्हती, म्हणजे कमीत कमी २०. एकूण मिनिटं १२३ ते १४८च्या दरम्यान.

आता हा आकडा तीन तऱ्हांनी काढून बघू, म्हणजे साफसफाई न केल्याने काय होतं ते दिसेल.

रिकाम्या जागा तशाच सोडून एक्सेलला बेरीज करायला सांगितली, तर एक्सेल काही कुरकुर करत नाही. रिकामं म्हणजे काही नाही, असं धरून ते ७५ सांगतं. ७५ मिनिटांत ३ गोल, दर ९० मिनिटांमागे ३.६. असा खेळाडू जगात नाही. रिकाम्या जागी सरसकट ९० भरले, तर २५५ मिनिटं आणि १.०६. आणि जे खरोखर माहीत आहे तेवढंच धरलं, तर १.८ ते २.२च्या मध्ये कुठेतरी. गोल तेच तीन, पोरगा तोच.

मोठ्या ओंकारचंही तसंच केलं. आठ सामने पूर्ण, ७२० मिनिटं. एका सामन्यात ८१व्या मिनिटाला गोल आहे, म्हणून ८१ ते ९०. एकात उत्तरार्धात बाहेर गेला एवढंच माहीत, म्हणून ४५ ते ९०. एकूण ८४६ ते ९००. दर ९० मिनिटांमागे ०.७० ते ०.७५. त्याच्या बाबतीत दोन रिकाम्या जागांनी फारसं बिघडलं नाही, कारण बाकीची मिनिटं भरपूर होती. रिकाम्या जागांचा मार सगळ्यात जास्त बसतो तो बाकावरून येणाऱ्यांना. त्यांची मिनिटं मुळात थोडी असतात, आणि नेमकी तीच टिपली जात नाहीत.

बारक्याचे दोन आणि मोठ्याचा पाऊण, म्हणून बारका तिप्पट चांगला, असं यातून मुळीच निघत नाही. दोन-अडीच तासांच्या खेळावर तसं म्हणता येत नाही. एक गोल कमी झाला असता तरी आकडा एका उडीत एक-तृतीयांश खाली आला असता. शिवाय तो आत येतो तेव्हा समोरचा बचाव तासभर पळून दमलेला असतो. मामांना मी हे असंच सांगितलं, आणि आकड्यापुढे मिनिटं लिहिल्याशिवाय तो कुणाला देऊ नका म्हणालो.

मामांनी कागद बराच वेळ बघितला. “ह्या बारक्यानं तीन टाकलेत? आन् एवढ्याशा टायमात?” मग म्हणाले, “मला वाटायचं ते मोठ्याचंच हाईत.”

हे मला फार बोलकं वाटलं. कट्ट्यावर माणसाला चेहरा असतो असं मी वर म्हटलं, पण तिथेही दोन ओंकारांपैकी एकाच्या खात्यावर दुसऱ्याचं जमा होतं. ज्याचं नाव मोठं, त्याच्याकडे गोल सरकतात. कागदाने यात एकच गोष्ट जास्त केली : सरकलेला गोल परत आणायला १७ क्रमांकाची जर्सी पुरावा म्हणून ठेवली.

शेवटी मामांनी पाठवलेली दोन नावं होती मोठा ओंकार पोवार आणि अजय माने. बारक्याचं नाव त्यांनी तिसरं म्हणून खाली लिहिलं, समोर ‘१२३ ते १४८ मिनिटं’ अशा शेऱ्यासकट. चाचणी घेणाऱ्यांनी तिसऱ्यालाही बोलावलं की नाही, ते हा लेख लिहीपर्यंत कळलेलं नाही. मामांनी मात्र पुढच्या हंगामासाठी दोन गोष्टी ठरवल्या आहेत. संघाच्या यादीवर प्रत्येक पोराचं वडिलांसकट पूर्ण नाव असणार. आणि बाकावर जो कुणी बसेल त्याच्या हातात एक वही असणार. कोण आत, कोण बाहेर, कितवं मिनिट, एवढंच लिहायचं. पहिल्या सामन्याला ती वही बारक्या ओंकारकडे आहे. तो आत गेला की दुसऱ्याकडे देऊन जाणार, आणि जाताना स्वतःचं मिनिट स्वतः लिहिणार.